लग्नाचं ॲग्रीमेंट दर सात वर्षांनी रिन्यू करावं लागलं तर?

तलावपाळी (रविवार, रात्री ९:४०)

कासारवडवलीला आमचा एक वन बीएचके आहे, भाड्याने दिलेला. आज सकाळी एजंट ठशांचं मशीन घेऊन आला, कारण अकरा महिने संपत आले. भाडं थोडं वाढवायचं ठरलं. भाडेकरू म्हणाला, बाथरूमचा नळ गळतो. मी म्हटलं, उद्याच प्लंबर पाठवतो. पंधरा मिनिटांत सगळं उरकलं.

तो गेल्यावर बायको म्हणाली, "त्याचा नळ उद्या बदलणार. आपल्या बेसिनचा तीन वर्षं गळतोय. माझंही अकरा महिन्यांचं करून टाक."

तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. समजा कायदाच असा असता, की लग्न सात वर्षांचं. सात वर्षं झाली की दोघांनी पुन्हा सह्या करायच्या. एकाने जरी नाही केली तर लग्न संपलं. कारण द्यायचं नाही, कोर्टाची पायरी नाही. असं असावं की नसावं, हा वाद मला नको आहे. माणसं वागतील कशी, एवढंच विचारतोय. माझा अंदाज असा की नवरे सुधारतील. नळ वेळेवर बदलले जातील.

एकटा_जीव (रात्री ९:५२)

सहाव्या वर्षी बदलले जातील. निवडणुकीच्या आधी रस्त्यावर डांबर पडतं तसे.

दिवा_लोकल (रात्री १०:०५)

ॲग्रीमेंट सात वर्षांचं करता येत नाही. लीव्ह अँड लायसन्स जास्तीत जास्त ६० महिन्यांचं होतं. आणि अकरा महिन्यांचं असलं तरी महाराष्ट्रात रजिस्टर करावंच लागतं. माझा भाडेकरू तर मुदत संपून चार महिने झाले तरी जागा सोडत नाही. कोणाला अनुभव असेल तर सांगा, काय करावं?

शेवग्याची_शेंग (रात्री १०:११)

@दिवा_लोकल दादा, विषय लग्नाचा आहे हो 😄

निवांत_नेरुळ (रात्री १०:३०)

यात नवीन काय? ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर दोघांनी लिहून नोटरी करून घेतलं की झालं. लग्न हा करारच आहे. मुसलमानांत तर मुदतीचं लग्न चालतंच. आमच्या सेक्टरमधल्या एका मुलाने लग्नाआधी असा कागद केल्याचं मला पक्कं माहीत आहे.

आणि मुदतीचं एवढं काय घेऊन बसलात? आमची सगळी नवी मुंबईच मुदतीवर उभी आहे. सिडकोची जमीन ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने. तरी आम्ही स्वतःला मालक म्हणवतोच ना?

काळा_कोट (रात्री ११:०२)

काका, कागद केला असेल, त्यात शंका नाही. फक्त तो कोर्टात उभा राहणार नाही. हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न दोघांनी आपसात "अमुक तारखेला संपेल" असं लिहून संपत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं २३ वं कलम सार्वजनिक धोरणाविरुद्धचे करार मोडीत काढतं, आणि अशा कागदांची गाडी बहुधा तिथेच अडते. गोव्यात लग्नाआधी करार करता येतो. तिथे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता अजून लागू आहे. पण तो करार मालमत्ता कशी धरायची याचा असतो, लग्नाच्या मुदतीचा नाही.

मुसलमानांबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. मुदतीचं लग्न, म्हणजे मुता, शिया कायद्यात आहे. सुन्नी ते मानत नाहीत, आणि आपल्याकडचे बहुसंख्य मुसलमान सुन्नी आहेत. त्यात मुदत आणि मेहर दोन्ही आधी ठरतात, मुदत सरली की तलाक न देता लग्न संपतं. मुलं औरस धरली जातात, पण नवराबायकोला एकमेकांचा वारसा आपोआप मिळत नाही.

हा शेवटचा मुद्दा या धाग्याला थेट लागू आहे. तारीख टाकणं सोपं असतं. तारखेनंतर कोणाला काय मिळणार, हे लिहिणं अवघड. मी ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. तिथे एकत्र राहायचं की नाही यावर फार वेळ जात नाही. वर्षं जातात ती घर, मूल आणि पोटगीवर.

तलावपाळी (रात्री ११:१५)

म्हणजे माझा प्रयोग पहिल्याच रात्री बाद?

काळा_कोट (रात्री ११:२१)

बाद कशाला? कायदा असा *असता* तर, असंच विचारलंयत ना. आणि तुम्ही काही पहिले नाही. २००७ मध्ये जर्मनीत बव्हेरियातल्या गाब्रिएले पाउली या राजकारणी बाईंनी नेमका सात वर्षांचाच प्रस्ताव मांडला होता. त्या तेव्हा सीएसयू या सनातनी वळणाच्या पक्षाच्या अध्यक्षपदाला उभ्या होत्या, त्यामुळे स्वपक्षीयच अंगावर आले. २०११ मध्ये मेक्सिको सिटीत किमान दोन वर्षांच्या कराराचा प्रस्ताव आला होता. मुलं कोणाकडे, मालमत्ता कशी वाटायची, हे आधीच लिहून ठेवायचं. तोही मंजूर झाला नाही.

आकडेमोड (सोमवार, सकाळी ७:५०)

लोकलमधून लिहितोय, चुका माफ करा. वाशीला कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो.

तलावपाळी, तुमच्या प्रश्नात एक छोटं वाक्य आहे आणि सगळं त्यावर लटकलंय. "एकाने जरी सही केली नाही तर लग्न संपलं." हे उलटं करून बघा. सात वर्षं झाली, कोणीच काही बोललं नाही, तर लग्न चालू. ज्याला नको असेल त्याने जाऊन फॉर्म भरायचा.

कागदावर दोन्ही सारखेच, कारण दोन्हीत दोघांना दर सात वर्षांनी तितकीच मोकळीक आहे. वागण्यात मात्र जमीनअस्मानाचा फरक पडेल. बँकेतली एफडी आठवा. ऑटो रिन्यूअलवर टिक असली तर ती वर्षानुवर्षं फिरत राहते, व्याजाचा दर काय हेही आपण बघत नाही. टिक नसली तर मुदत संपल्यावर पैसे खात्यात येऊन पडतात, मग माणूस विचार करतो, आता कुठे ठेवू? पाउलीबाईंचा प्रस्ताव दुसऱ्या जातीचा होता, गप्प बसलं तर संपलं. पहिल्या जातीचा कायदा आणला तर माझ्या मते फारसं काही बदलणार नाही. आजच्याप्रमाणेच गप्प बसून संसार होतील.

एकटा_जीव (सकाळी ८:०४)

वटपौर्णिमा म्हणजे सात जन्मांचं ऑटो रिन्यूअलच की. आणि टिक एकटी बायकोच करते, नवऱ्याला ओटीपीसुद्धा येत नाही.

शेवग्याची_शेंग (सकाळी ११:२०)

हसले. पण मी जरा वेगळं लिहिणार आहे.

माझ्या लग्नाला बारा वर्षं झाली. ऐरोलीला एका कंपनीत होते, नवरा आणि मी जवळपास सारखंच कमवत होतो. मुलगी झाली, पाळणाघर जमेना, सासूबाईंचे गुडघे गेलेले. तिसऱ्या वर्षी मी नोकरी सोडली. कोणी जबरदस्ती केली नाही, आम्ही दोघांनी बसून ठरवलं. मी घरी असल्यामुळे त्याला पुण्याचा प्रोजेक्ट घेता आला, आठवड्यातले चार दिवस तिकडे. त्यातूनच तो मॅनेजर झाला. पाच वर्षांनी मी परत नोकरीला लागले ती जवळपास सोडली त्याच पगारावर. त्याचा दुपटीच्या वर गेला होता.

नवरा चांगला आहे, तक्रार नाही. पण तलावपाळींचा कायदा असता तर सातव्या वर्षी मी सही करायला कुठल्या तोंडाने बसले असते? त्याला नवीन बायको मिळाली असती. मला माझी पाच वर्षं कोण देणार होतं?

आकडेमोड (दुपारी १:३५)

शेंगताई, माझ्या मते या धाग्याचा गाभा तुम्ही लिहिलात. आता तुमचीच गोष्ट शेवटाकडून सुरुवातीकडे वाचून बघू.

सातव्या वर्षी टेबलाच्या एका बाजूला त्याचा दुप्पट पगार, दुसऱ्या बाजूला तुमचा जुना पगार. लग्न मोडलं तर त्याचं थोडं बिघडेल, तुमचं जास्त. त्याने तोंडातून शब्द काढायचीही गरज नाही. "बघू, सही करायची का" एवढा नुसता विचार त्याच्या मनात येऊ शकतो, हे तुम्हाला माहीत असणं पुरेसं आहे. मग भांडी कोण घासणार, तुमच्या आईला किती पैसे पाठवायचे, सगळ्यात तुमचा आवाज लहान होतो.

आता तिसऱ्या वर्षावर या. तुम्ही हुशार आहात, सातवं वर्ष तुम्हाला तेव्हाच दिसलं असतं. मग तुम्ही नोकरी सोडली असती का?

शेवग्याची_शेंग (दुपारी १:५०)

नसती सोडली. मुलीला कसंही करून पाळणाघरात ठेवलं असतं. आणि त्याला पुण्याचा प्रोजेक्ट मिळाला नसता.

आकडेमोड (दुपारी २:१०)

बरोबर. म्हणजे वागणं बदलतं ते सातव्या वर्षी नव्हे, तिसऱ्या वर्षी. किंवा लग्नाच्या पहिल्याच वर्षी. जे काही आज सोसायचं आणि ज्याचं फळ दोघांना मिळून पुढे मिळणार, ते करताना माणूस हात आखडता घेतो.

ही नुसती कल्पना नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९७० पासून कारण न देता, एकट्याच्या इच्छेनेही घटस्फोट मिळेल असा कायदा लागू केला. मग एकेक करत बऱ्याच राज्यांनी. बेट्सी स्टीव्हन्सन या अर्थतज्ज्ञ बाईंनी १९७० आणि १९८० च्या जनगणनेतली नवी जोडपी घेऊन, कायदा बदललेली राज्यं आणि न बदललेली राज्यं ताडून पाहिली. जिथे एकट्याला बाहेर पडता येत होतं तिथे जोडीदाराच्या शिक्षणाचा भार उचलणारी जोडपी सुमारे १० टक्क्यांनी कमी निघाली. मूल असलेली सुमारे ६ टक्क्यांनी कमी. दोघंही पूर्णवेळ नोकरीत असलेली मात्र जास्त. ही सगळी नुकतीच लग्न झालेली मंडळी होती, भांडण अजून कोणाचं झालंही नव्हतं. दार उघडं आहे एवढं कळल्यावरच त्यांनी संसार वेगळा मांडला.

भाड्याच्या घरातलं उदाहरण द्यायचं तर, अकरा महिन्यांच्या भाडेकरूने मॉड्युलर किचन करून घेतलेलं कोणी पाहिलंय का? नेरुळकाका ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावरही ते करतात, कारण ६० वर्षं म्हणजे त्यांच्या हिशोबाने कायमचीच. सात वर्षांचा भाडेकरू मधला. तो पंखे लावेल, खिडक्यांना जाळ्या लावेल. टाइल्स बदलणार नाही.

निवांत_नेरुळ (दुपारी ३:००)

आम्ही किचन दोनदा केलं. दुसऱ्यांदा सुनेच्या सांगण्यावरून.

खाडीकिनारी (दुपारी ४:४०)

पहिल्यांदाच लिहितेय. तुम्ही सगळे दार उघडं असल्याचा तोटाच का मोजताय? माझ्या मावशीने २६ वर्षं मार खाल्ला. दर सात वर्षांनी तिच्यापुढे एक कागद आला असता तर तीन संधी मिळाल्या असत्या. भांडायचं नाही, कोर्टात साक्ष द्यायची नाही, नुसती सही करायची नाही. तिच्या किचनला टाइल्स नसत्या तरी चाललं असतं.

आकडेमोड (संध्याकाळी ६:१५)

तुमचं म्हणणं मान्य, आणि त्याला आधारही आहे. त्याच कायद्यांवर स्टीव्हन्सन आणि जस्टिन वुल्फर्स यांचा २००६ चा अभ्यास आहे. एकट्याला बाहेर पडता येऊ लागलं त्या राज्यांत बायकांच्या आत्महत्या ८ ते १६ टक्क्यांनी घटल्या, घरातली मारहाण सुमारे ३० टक्क्यांनी. बायका सोडून गेल्या म्हणूनच ती घटली असं नाही. ती जाऊ शकते हे कळल्यावर काही हात आपोआप आवरले असणार. म्हणजे त्या एकाच दाराने नोकरी सोडणारी बाई कमजोर झाली आणि मार खाणारी बळकट. दोन्ही एकदम खरं आहे.

काळा_कोट (रात्री ९:३०)

इथे मला थांबवायचंय. अमेरिकेतलं ते दार रोज उघडं होतं. तलावपाळींचं दार सात वर्षांतून एकदा उघडतं. खाडीकिनारीताई, तुमच्या मावशीला पहिला फटका दुसऱ्या वर्षी बसला असता तर?

माहेरचे काय म्हणाले असते ते मी आत्ता सांगू शकते, कारण असली वाक्यं रोज ऐकते. "पाचच वर्षं राहिली गं. काढ कशीतरी. मग आपोआप सुटशील, वकिलाचा खर्चही नाही." आज निदान म्हणावं लागतं, की जन्मभर सोसायचं का? तारीख असली की सोसायला मुदत मिळते, आणि मुदत मिळाली की सोसणं शहाणपणाचं वाटायला लागतं. तेव्हा मधल्या काळात बाहेर पडायचे आजचे रस्ते, २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा धरून, जसेच्या तसे ठेवले नाहीत तर हा प्रयोग बायकांच्या जिवावर उठेल.

खाडीकिनारी (रात्री ९:४८)

हे सुचलं नव्हतं. तरीही मी तारखेच्या बाजूनेच राहीन. माझ्या मावशीला "आपोआप" हाच शब्द हवा होता. तिला मागता येत नव्हतं.

तलावपाळी (रात्री १०:२०)

धागा नळावरून कुठे आला. बरं, घराचं काय? आमचं कर्ज वीस वर्षांचं आहे. लग्न सात वर्षांचं झालं तर बँक काय करेल?

आकडेमोड (रात्री १०:५५)

हिशोब करून बघू या. ६० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं. हप्ता साधारण ५२ हजार. दोघं निम्मा निम्मा भरतात असं धरा. सात वर्षांत ८४ हप्ते, म्हणजे पावणेचव्वेचाळीस लाखांच्या आसपास भरून झाले. आता कर्ज किती राहिलं असेल?

एकटा_जीव (रात्री १०:५८)

पंचवीस-तीस लाख?

आकडेमोड (रात्री ११:०३)

सुमारे ४९ लाख. मुद्दल फक्त ११ लाखांनी कमी झालं, बाकी सगळं व्याजात गेलं. कारण सुरुवातीच्या हप्त्यांत बहुतेक व्याजच असतं. म्हणजे पहिल्या सहीची मुदत संपते तेव्हा दोघांच्या हातात बँकेचं घर जास्त आणि स्वतःचं कमी. भाव वाढले असतील तर विकून काहीतरी उरेल. नसतील तर दोघंही एकमेकांना नाही, त्या कर्जालाच बांधलेले. बँक बहुधा म्हणेल, लग्न संपलं तरी सहकर्जदार तुम्हीच. सही करा, नका करू, हप्ता पाच तारखेला कापला जाईल.

त्यामुळे सात वर्षांच्या जगात जोडपी घर उशिरा घेतील, नाहीतर एकाच्याच नावावर घेतील. आणि त्या एकाचं नाव काय असेल, ते शेंगताईंना विचारा.

काळा_कोट (रात्री ११:२०)

आपल्याकडे तर ते आणखी वाईट. गोवा सोडलं तर नवऱ्याच्या नावावरच्या घरात बायकोचा मालकीहक्क लग्नामुळे आपोआप तयार होत नाही. राहण्याचा हक्क मिळतो, मालकीचा नाही. तिने दहा वर्षं किराणा, फी, लाइटबिल भरलं आणि त्याने हप्ता, तर कागदावर घर त्याचं आणि तिच्याकडे बिलं. सात वर्षांच्या कायद्यात बायका हप्ता भरायचा हट्ट धरतील आणि किराणा नवऱ्यांवर ढकलतील. मला त्यात वाईट काही दिसत नाही.

या प्रयोगातलं एकच कलम मला मनापासून हवंय. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही बाजूंनी उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यायचं, असं बंधन घातलं. ते शपथपत्र वाचताना बायकांचे चेहरे मी पाहिले आहेत. पंधरा वर्षं संसार झालेला असतो आणि नवऱ्याचा पगार तिला पहिल्यांदा कोर्टात कळतो. दर सात वर्षांनी सहीआधी दोघांनी तेच शपथपत्र एकमेकांसमोर ठेवायचं. सही होवो न होवो. अर्धी घरं तेवढ्यानेच बदलतील.

शेवग्याची_शेंग (रात्री ११:४०)

आणि माझी पाच वर्षं त्या शपथपत्रात कुठल्या रकान्यात?

काळा_कोट (रात्री ११:५२)

रकाना नाही. आज नाही. पोटगी ठरवताना कोर्ट त्याचा विचार करू शकतं, पण ती लग्न मोडल्यावर, आणि न्यायाधीश कोण यावर बरंच अवलंबून. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं की सही न करणाऱ्याने त्या पाच वर्षांची किंमत आधी ठरलेल्या हिशोबाने मोजायची, असं लिहिलं तर तुम्ही तिसऱ्या वर्षी नोकरी सोडू शकला असता. पण हिशोब कसा मांडायचा? सुटलेला पगार धरायचा, की त्याचा वाढलेला पगार? मला ठरवता येत नाही.

पाचवारी (मंगळवार, सकाळी ६:३०)

मी ७१ वर्षांची आहे, मुलुंडहून ठाण्याला येऊन चाळीस वर्षं झाली. तुमचं सगळं वाचलं. एक विचारते. आमच्या लग्नाच्या विसाव्या वर्षी यांना अर्धांगवायू झाला. तुमच्या हिशोबाने एकविसाव्या वर्षी माझी सही होती. पुढची अठरा वर्षं मी त्यांचं सगळं केलं. माझ्यापुढे कागद आला असता तर मी सही केलीच असती. पण त्यांना ते वर्षभर झोप लागली असती का?

आकडेमोड (सकाळी ८:१०)

आजी, याला माझ्याकडे उत्तर नाही, फक्त एक जवळचं उदाहरण आहे. मेडिक्लेम. पॉलिसी वर्षाची असते. मोठं आजारपण आलं की पुढच्या वर्षी कंपनी म्हणणार, तुम्ही महाग पडता, नूतनीकरण करत नाही. मग विम्याला अर्थ काय? म्हणून नियामकानेच नियम केला, की आधी क्लेम घेतला या कारणावरून नूतनीकरण नाकारता येणार नाही. मुदत वर्षाची, पण बंधन जन्माचं.

लग्नातही निम्मा विमाच असतो. आजारी पडलेल्याची सही दुसऱ्याने नाकारायची नाही, असा नियम केला तर तुमचे यजमान निवांत झोपले असते. पण मग तुमची सही ही सही राहत नाही.

पाचवारी (सकाळी ८:३२)

नको तो नियम. मी आपखुशीने केलं हे त्यांना माहीत होतं. तेवढंच होतं आमच्याकडे.

एकटा_जीव (सकाळी ९:१५)

मुलांचं तरी सोपं आहे. मूल झालं की घड्याळ थांबवा, मूल १८ चं होईपर्यंत.

आकडेमोड (सकाळी ९:४०)

मग सही मिळेल की नाही अशी धाकधूक असलेला माणूस सहाव्या वर्षी पाळणा हलवेल. ते मूल कशासाठी जन्माला आलं हे घरात सगळ्यांना माहीत असेल, त्यालाही.

निवांत_नेरुळ (सकाळी १०:३०)

एक शंका. समजा सही नाही झाली, लग्न संपलं. पण या भाड्यात दुसरं घर कुणाला परवडतंय? दोघं त्याच घरात राहणार. मग काय?

काळा_कोट (सकाळी ११:०५)

काका, यावेळी पूर्ण बरोबर! हे आजही होतं. परस्पर संमतीने घटस्फोट मागायचा तर त्याआधी वर्षभर वेगळं राहावं लागतं. पण सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलंय, की वेगळं राहणं म्हणजे नवराबायको म्हणून न राहणं, एका छपराखाली असलं तरी चालेल. घोडबंदर रोडला एका पक्षकाराने हॉलमध्ये कपाट लावून वर्ष काढलं. मुलाला सांगितलं, बाबा घोरतात.

आणि @दिवा_लोकल, तुमचं राहूनच गेलं. भाडे नियंत्रण कायद्याच्या २४ व्या कलमाखाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करा. मुदत संपूनही जागा अडवणाऱ्याकडून ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. ॲग्रीमेंट रजिस्टर आहे ना?

तलावपाळी (दुपारी १२:२०)

दुप्पट दर! सही न करता घरात राहिलेल्या नवऱ्याला तो लावला तर?

काल नळ बदलला, सांगायचं राहिलं. बायको बघून म्हणाली, "छान. आता सात वर्षं बघायला नको." धागा तिला वाचायला दिलाय. तिचं एकच म्हणणं. हा कायदा आला तर रिन्यूअलची तारीख लक्षात ठेवणं, फॉर्म आणणं, झेरॉक्स काढणं आणि मला आठवण करून देणं, हे सगळं तिच्याच गळ्यात पडेल.

शेवग्याची_शेंग (दुपारी १२:३१)

वहिनींना माझा नमस्कार सांगा.

दिवा_लोकल (दुपारी १:१०)

@काळा_कोट ताई, फार आभार. ॲग्रीमेंट रजिस्टर आहे. पण एक अडचण आहे, भाडेकरू म्हणजे माझा साडूच. बायको म्हणते अर्ज करायचा नाही.